सेलचा रील टाकायचाय, पण पैठणी 'सेलवाली' दिसायला नको

प्रश्न: ताई, नाशिकला गंगापूर रोडवर माझं छोटं दुकान आहे, येवल्याच्या हातमागाच्या पैठण्या विकते, इन्स्टावरूनही ऑर्डर येतात. आषाढात गिऱ्हाईक थंडावतं म्हणून मागच्या वर्षी 'फ्लॅट ३०% ऑफ' असा रील टाकला होता, लाल पट्टी, मोठे आकडे, ढोलाचं म्युझिक सगळं. व्ह्यूज भरपूर आले, पण कमेंटमध्ये 'पॉवरलूम असणार' आणि 'लास्ट प्राइस बोला'. वर लग्नासाठी पूर्ण किमतीत घेऊन गेलेल्या एका काकूंचा फोन, की मग आम्हाला तेव्हा लुटलं का? यंदा २२ साड्यांवर सूट द्यायचीच आहे. व्हिडिओत सांगू कसं, की ब्रँड स्वस्तातला वाटणार नाही? वयाने लहान आहे, अगं-तुगं केलं तरी चालेल.

उत्तर: अगं, त्या कमेंट करणाऱ्यांवर आधी रागावू नकोस, कारण त्यांनी काढलेला निष्कर्ष तसा बरोबरच होता. फोनच्या स्क्रीनवर हातमागाची पैठणी आणि पॉवरलूमची सेमी पैठणी यात फरक कळणं जवळजवळ अशक्य, दोन्हीकडे मोर आहे, दोन्हीकडे चमकणारा काठ आहे, आणि सेमी पैठणी हातमागाच्या मानाने कितीतरी कमी पैशात मिळते हे सगळ्यांना माहितीये. साडी हातात नाही, पोत कळत नाही, मग बघणाऱ्याकडे खरं-खोटं ठरवायला एकच पुरावा उरतो तो म्हणजे किंमत, आणि तू तोच पुरावा पहिल्या सेकंदाला लाल पट्टीत लावून कमी करून दाखवलास. स्वस्त का, याचं कारण तू दिलं नाहीस तर समोरचा स्वतःच शोधणार. माल नकली आहे, नाहीतर आधीची किंमत फुगवलेली होती, त्याला सुचतात ती ही दोनच. पहिलं कमेंटमध्ये आलं, दुसरं काकूंच्या फोनवर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सूट दिल्याने ब्रँड पडत नाही, सुटीचं कारण सांगितलं नाही तर पडतो. व्हिडिओत आधी साडी, मग कारण, मग किंमत, हा क्रम तेवढा सोडू नकोस.

आता कारण. ते खरं असायला हवं आणि एका दमात सांगता यायला हवं. तुझ्याकडे ते आयतं आहे, पण मागच्या वर्षी तू ते वापरलंच नाहीस. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मग तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नं जवळपास थांबतात, म्हणजे लग्नासाठी विणून घेतलेला माल तेवढे महिने घडी घालून पडून राहणार, रेशीम घडीवर चुरगळतं, जर काळवंडायला लागते, सारख्या घड्या बदलत बसावं लागतं, आणि तिकडे दिवाळीचा नवा माल मागावर चढवायला पैसे मोकळे हवेत. हे नाशिकमधल्या कुठल्याही बाईला एका वाक्यात पटेल, कारण आषाढात खरेदी मंद असते हे ती लहानपणापासून बघत आलीये. फक्त 'विणकरांना मदत करा' असलं काही लावू नकोस, जोपर्यंत त्या विक्रीतला ठरलेला वाटा खरंच विणकराकडे जात नाही तोपर्यंत. तुझा स्टॉक मोकळा करायचाय, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, तेच सांग.

कारण ठरलं की मर्यादा आपोआप येते. साड्या २२ आणि मुदत आषाढ संपेपर्यंत, म्हणजे दीप अमावास्येपर्यंत. तिथीचं नाव बोल आणि स्क्रीनवर इंग्रजी महिन्याची तारीख लिही म्हणजे कुणाला कॅलेंडर बघायला नको. उलटी मोजणी करणारं घड्याळ, 'फक्त काही तास बाकी' वगैरे अजिबात नको. एकतर खोटी घाई दाखवणं हे डार्क पॅटर्न्स, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या युक्त्या, यांच्यावरच्या केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमावलीत नाव घेऊन मनाई केलेलं आहे, आणि दुसरं म्हणजे पंधरा-सोळा हजारांची साडी कुणी घाईत घेत नाही गं, ती बाई आईला दाखवते, नणंदेला पाठवते, दोन दिवस विचार करते. तिला तेवढा वेळ दे. आणि एकदा सांगितलेली तारीख पुढे ढकलू नकोस, पाच साड्या उरल्या तरी नाही. 'लोकाग्रहास्तव मुदत वाढवली' हे एकदा केलंस की पुढच्या वेळी तुझ्या तारखेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता आकडा, इथे थोडं थांबून हिशोब करूया. तुझे खरे आकडे मला माहीत नाहीत म्हणून समज, साडीची किंमत १६,५००, ती येवल्याहून तुला ११,००० ला पडते, आणि फॉल-पिको, बॉक्स, कुरिअर धरून अजून ५००. म्हणजे खर्च ११,५०० आणि हातात राहतात ५,०००. यावर ३०% सूट म्हणजे ४,९५०. उरले किती, ५० रुपये! दुकानाचं भाडं अजून धरलंच नाहीये. म्हणजे एवढा रील करून, नाव खाली आणून, कमाई शून्यच. त्यापेक्षा सरळ २,००० कमी कर, साडी १४,५०० ला जाते, तुझ्याकडे ३,००० राहतात. टक्क्यात हे जेमतेम १२ भरतात आणि '१२% ऑफ' ऐकायला कंजूष वाटतं, पण '२,००० रुपये कमी' ऐकलं की बाईला त्यातून ब्लाउजची शिलाई निघताना दिसते. महागड्या वस्तूवर सूट रुपयांत सांगायची, टक्के मॉलसाठी सोडून द्यायचे. आणि १४,४९९ नको, १४,५०० च ठेव. ९९ वर संपणारा आकडा दिसला की डोक्यात लगेच बार्गेन येतं, आणि तुला नेमकं तेच टाळायचंय.

जुनी किंमत मात्र तीच लिहायची जिच्यावर तू गेल्या सीझनला खरोखर साडी विकलीयेस. सेलच्या आठवडाभर आधी १८,५०० करून मग १६,५०० वर आणणं, हे काकूंसारख्या एका गिऱ्हाइकाने जुनं बिल काढलं की संपलं.

या २२ सोडून दुकानात सगळ्यात भारी तीन-चार साड्या असतील, डबल पदराच्या किंवा ब्रोकेडच्या, त्यांच्या किमतीला हातच लावू नकोस. त्यांच्यावर फॉल-पिको, गोंडे आणि ब्लाउजची शिलाई आमच्याकडून असं ठेव, पण ते या व्हिडिओत नको, दुकानात सांग. या २२ साड्यांच्या किमती वेगवेगळ्या असल्या तर 'अप टू'च्या भानगडीत पडू नकोस. ज्या गटात साड्या जास्त आहेत त्याची एकच जुनी आणि एकच नवी किंमत बोल, बाकीच्यांची कॅप्शनमध्ये साडीनिहाय लिही, आणि व्हिडिओत आकडा तेवढ्याच साड्यांचा बोल. कोपऱ्यात चांदणी काढून बारीक अक्षरात 'अटी लागू' लिहायची वेळ आली म्हणजे ऑफरच गुंतागुंतीची झालीये असं समजायचं. शिवाय २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांप्रमाणे अशी टीप मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये लागते, इतकी जागा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत नाहीच.

आता प्रत्यक्ष शूट. एकूण २८ ते ३० सेकंद धर. त्यात २२ साड्यांचा ढीग दाखवू नकोस, रचून ठेवलेल्या गठ्ठ्यावरून हात फिरवणारे ते व्हिडिओ भद्रकालीतल्या भर दुपारच्या गर्दीसारखे असतात, त्यात एकही साडी नीट दिसत नाही. तू एकच साडी घे, फारतर दोन. खिडकीजवळ शूट कर, ट्यूबलाइट बंद. आषाढात नाशिकला आभाळ भरलेलं असतं आणि तो ढगाळ उजेड रेशमासाठी फार सुंदर, जर जळल्यासारखी पांढरी पडत नाही आणि रंगही खरा दिसतो, ट्यूबखाली तेच रेशीम प्लास्टिकसारखं चकाकतं. फोनमध्ये पदरावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक कर, नाहीतर कापड हलवलं की उजेड वरखाली होत राहतो आणि लगेच घरगुती दिसायला लागतं.

पहिल्या शॉटमध्ये किंमत नाही, सेल हा शब्द नाही, कसलीच पट्टी नाही. पदराची उलटी बाजू दाखव. हो, उलटी! हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी धाग्यात धागा अडकवत हाताने भरलेली असते म्हणून मोर मागूनही तसाच दिसतो, पुढून दिसतो तसा, आणि पॉवरलूमच्या मागे सुटे धागे लोंबत असतात किंवा कापलेले असतात. 'पॉवरलूम असणार' म्हणणाऱ्याला तू पहिल्या तीन सेकंदांत, किंमत कळायच्या आधीच उत्तर देऊन टाकलंस. आणि ज्यांना हे माहीत नव्हतं ते थांबून बघतात, कारण त्यांना काहीतरी नवीन कळलं. फक्त यासाठी पदर निवडताना सांभाळून, ब्रोकेडच्या साडीत हातमागावरही मागे सुटे धागे येतात, तिथे हा शॉट उलटा तुझ्यावरच येईल.

मग तीन ते बारा सेकंद साडीच बघू दे. पदर सावकाश उलटव, काठावरून कॅमेरा हळू ने, धूपछाव रंग असेल तर कापड थोडं वळव म्हणजे दोन्ही रंग दिसतील. सिल्क मार्कचं लेबल असेल तर एक सेकंद तेही येऊ दे. आणि काठातली जर टेस्टेड असेल, म्हणजे खऱ्या सोन्या-चांदीची नसेल, तर टेस्टेडच म्हण, 'अस्सल सोन्याची जर' वगैरे शब्द तोंडातून येता कामा नयेत. तुला जे माहीत आहे ते तू स्पष्ट बोलतेस असं वाटलं की पुढची किंमतही खरी वाटते. बाराव्या सेकंदाला कारण सुरू, साधारण विसाव्याला किंमत.

आवाज तुझाच ठेव, दुकानात एखाद्या ताईंना साडी दाखवताना जसा असतो तसा. सगळ्या २२ साड्या एकाच किमतीच्या धरल्या तर साधारण असं बोलता येईल:

"ही पैठणीची उलटी बाजू. आता सुलटी बघा, मोर तोच, तसाच. हातमागावर विणलेल्या पदराची ही खूण. लग्नाच्या सीझनसाठी येवल्यात विणून घेतलेल्या २२ साड्या आमच्याकडे राहिल्यात. आता आषाढात लग्नं नाहीत, आणि दिवाळीचा नवा माल मागावर चढवायचाय, म्हणून या साड्या आत्ता देतोय. ही १६,५०० ची पैठणी १४,५०० ला, दीप अमावास्येपर्यंत. त्यानंतर परत १६,५००."

ते शेवटचं वाक्य काहीही झालं तरी कापू नकोस. 'त्यानंतर परत १६,५००' म्हटलं की साडीची किंमत १६,५०० च आहे हे ऐकणाऱ्याच्या मनात पक्कं होतं, सूट ही काही दिवसांची गोष्ट आणि किंमत कायमची. यात 'धमाका' नाही, 'लूट' नाही, 'घाई करा' नाही, आणि 'प्लीज सपोर्ट करा'सुद्धा नाही, कारण विनवणीच्या सुरातसुद्धा किंमत पडतेच.

पडद्यावरचा आकडा उडत, फिरत, थरथरत यायला नको. येऊन शांत उभा राहू दे, निदान पाच सेकंद, कारण बरेच लोक आवाज बंद करून बघतात आणि त्यांना जुनी किंमत, नवी किंमत आणि तारीख तिन्ही वाचायची असतात. रंग पांढरा किंवा साडीच्याच काठाचा, लाल-पिवळा नको. जुन्या किमतीवर भली मोठी लाल फुली मारू नकोस, ती तुझ्या साडीची खरी किंमत आहे, तिला खोडायचं कशाला, 'एरवी १६,५००, आता १४,५००' असं लिहून मोकळी हो. कारणाचं वाक्यही सबटायटलमध्ये यायलाच हवं, नाहीतर आवाज बंद ठेवणाऱ्यांसाठी तुझा व्हिडिओ परत कारणाशिवायच्या सेलचा होतो. आणि हे सगळं मधल्या भागात ठेव. खालच्या बाजूला कॅप्शन आणि अकाउंटचं नाव येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाचंच सांगणं आहे की वरचे साधारण १४% आणि खालचे ३५% मोकळे सोडा, साधा रील असला तरी तेच माप धर. कितीतरी जणींच्या रीलमध्ये नेमकी तारीख त्या बटणांखाली गेलेली असते.

कव्हरसाठी पदराची फ्रेम निवड, किंमत नसलेली. डिसेंबरात एखादी नवरीची आई तुझं प्रोफाइल उघडेल तेव्हा ग्रिडमध्ये तिला पदर दिसावा, सेल नाही.

रील टाकला की पहिला दिवस कमेंटकडे लक्ष दे. किंमत उघड लिहिलेलीच आहे त्यामुळे 'प्राइससाठी डीएम करा' हे करूच नकोस, आकडा लपवला की समोरच्याला वाटतं माणूस बघून भाव सांगतात, आणि घासाघीस तिथूनच सुरू होते. 'लास्ट प्राइस?' आलं तर एकच उत्तर, "ताई, व्हिडिओत सांगितलीये तीच किंमत, सगळ्यांना तीच," आणि ते पिन करून ठेव. मग खरंच कुणालाही १४,००० ला द्यायची नाही, अगदी ओळखीत सुद्धा नाही, एक स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर गेला की बाकीच्यांना उत्तर देत बसशील. शंका घेणाऱ्याशी वाद घालू नकोस, "व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखवते, नाहीतर दुकानात या" एवढंच.

काकूंसारख्यांसाठी मात्र रीलच्या आधीच काम करायचंय. ज्यांनी या सीझनला पूर्ण किमतीत घेतलीये त्यांना तीन-चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः मेसेज कर, ब्रॉडकास्ट नको, नाव घालून. "काकू, लग्नाच्या सीझनमधल्या २२ साड्या राहिल्यात, त्या आषाढात २,००० कमी किमतीत देतोय. सगळ्यांना सांगायच्या आधी तुम्हाला कळवतेय, तुमच्यापैकी कुणाला हवी असेल तर आधी तुम्ही निवडा." त्यांना रीलमधून कळणं आणि तुझ्याकडून कळणं यात फार फरक पडतो. कुणी विचारलंच की आम्ही जास्त का दिले, तर खरं ते सांग, की तेव्हा सगळे रंग, सगळे काठ समोर होते आणि मुहूर्ताला हवी ती साडी मिळाली, आता जे उरलंय त्यातूनच घ्यावं लागतंय. आणि ज्यांनी अगदी दोन-तीन आठवड्यांपूर्वी घेतली असेल त्यांना फरकाच्या रकमेतून ब्लाउज शिवून दे किंवा पुढच्या खरेदीत वळती कर, त्यांनी मागायच्या आधीच. अशा फार नसतात, झेपेल तुला.

जमलं की नाही हे व्ह्यूजवरून ठरवू नकोस, मागच्या वर्षी ते होतेच की. लोक काय विचारतात ते बघ. 'अजून कुठले रंग आहेत', 'पदर पूर्ण दाखवा', 'दुकान किती वाजेपर्यंत' हे यायला लागलं तर साडी पोहोचली. पण 'अजून किती कमी कराल' हेच जास्त आलं तर किंमत लवकर आलीये किंवा कारण ऐकलंच गेलं नाहीये. इनसाइट्समध्ये लोक कुठल्या सेकंदाला निघून जातात त्याचा आलेख असतो, बाराव्या सेकंदाला एकदम घसरण दिसली तर कारणाचं वाक्य लांबलंय, त्यातून 'आता आषाढात लग्नं नाहीत' एवढंच ठेव आणि परत एडिट करून नव्याने टाक, साडीचे शॉट मात्र कापू नकोस.

एका गोष्टीला या सगळ्यातही मर्यादा आहे. दरवर्षी न चुकता आषाढात सूट दिलीस तर गिऱ्हाईक ती गृहीत धरणार. लग्नवाल्यांना तारीख असते, ते थांबू शकत नाहीत, पण स्वतःसाठी किंवा भेट द्यायला घेणाऱ्या बायका मे महिन्यातच म्हणायला लागतील, "आषाढात येते गं." असं दोघी-तिघींकडून ऐकलंस की पुढच्या वर्षी एकतर सूट नको, किंवा किंमत तीच ठेवून नुसती ब्लाउजची शिलाई दे. त्याचा खरा उपाय माल मागवतानाच आहे, सीझनअखेर २२ ऐवजी दहाच राहतील अशी ऑर्डर दे.

आणि दीप अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रील अर्काइव्ह कर, पैसे लावून बूस्ट केला असेल तर त्याची शेवटची तारीखही आधीच तीच टाकून ठेव. श्रावणात मंगळागौरी सुरू झाल्या की त्याच आठवड्यात एखाद्या साडीचा साधा रील टाक, सुटीचा उल्लेखही नको, किंमत पूर्ण १६,५००.